मूळ धंदा आंबा पल्पचा, प्रकल्प तारकर्लीच्या रिसॉर्टचा: कॉस्ट ऑफ इक्विटी कुणाच्या बीटाने काढायची?

जमाखर्च_रत्नागिरी (धागाकर्ती)

मंडळी, मी रत्नागिरीत आंबा पल्प आणि काजू प्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीचा वित्त विभाग सांभाळते. कंपनी एसएमई प्लॅटफॉर्मवर नोंदलेली आहे, 70 टक्के शेअर मालकांच्या घरात आहेत. मालकांनी तारकर्लीजवळ 32 खोल्यांचं रिसॉर्ट काढायचं मनावर घेतलंय. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणारी सीआरझेडची रेषा कुठून जाते ते बघून झालंय. जागा धरून खर्च 20 कोटी.

सल्लागाराच्या अहवालात प्रकल्पाचा आयआरआर, म्हणजे गुंतवलेल्या पैशावरचा वार्षिक परतावा, 13 टक्के आहे. तो महागाई धरून, कर वजा जाता आणि कर्ज बाजूला ठेवून काढलाय. त्याची तुलना त्यांनी कंपनीच्या एकूण भांडवली खर्चाशी केलीय, तो येतो 10.6 टक्के. हिशोब असा: दहा वर्षांचे सरकारी रोखे 7, त्यावर शेअर बाजाराचा जादा परतावा 7, आमचा बीटा, म्हणजे बाजार हलला की आमचा शेअर किती पट हलतो तो आकडा, 0.7, म्हणून इक्विटीचा, म्हणजे भागधारकांच्या पैशाचा दर 11.9 टक्के. कर्जाचा वाटा 30 टक्के, व्याज 10, कर 25 टक्के. आकडेमोड बरोबर आहे, मी तपासलीय.

तरी मन घेत नाही. मंदी आली म्हणून पल्पची मागणी फारशी घटत नाही, आइस्क्रीमवाले आणि ज्यूसवाले माल उचलतातच. पण माणसाचा हात आखडला की पहिली काट बसते ती सहलीला. मालकांचं म्हणणं एवढंच की पैसा कंपनीचा, कर्जही कंपनीच्या नावावर, मग दर कंपनीचाच लागणार. सोमवारी संचालक मंडळाची बैठक आहे. त्यांना काय सांगू?

---

बँकवाले_काका

ताई, तुमची शंका रास्त आहे. मी कर्ज विभागात आयुष्य काढलंय. हॉटेलच्या प्रस्तावाला आम्ही सरळ वरचा दर लावायचो. किनाऱ्यावरचं रिसॉर्ट म्हणजे चार महिने पाऊस, त्यात वादळ, परवानग्यांची कटकट, चांगला खानसामा टिकत नाही. तुमच्या 11.9 मध्ये 5 टक्के मिळवा, 17 च्या आसपास येईल. फार खोलात शिरायचं कारण नाही. मंडळालाही लगेच समजतं.

---

भोगवे_होमस्टे

माका ह्या बीटाचा काय समाजला नाय, पण विषय आमच्या धंद्याचो आसा म्हणून लिहितंय. माझ्या चार खोल्या आसत. अजून चार बांधूचो विचार आसा. बँक साडेदहा टक्के व्याज सांगता. मग माझो दर साडेदहाच धरूचो काय? स्वतःचे पैशे घातले तर त्येंका व्याजच पडणा नाय, मग ते फुकटच मा?

---

चिपळूण_चर्चगेट

मूल्यांकन हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मालकांचा मुद्दा. कर्ज कंपनीच्या नावावर स्वस्त मिळतं, कारण बँक रत्नागिरीचा कारखाना आणि त्याची रोकड बघून देते. रिसॉर्ट बुडालं तर हप्ते पल्पच्या नफ्यातून जाणार. म्हणजे जोखीम नाहीशी झाली नाही, ती कंपनीच्या भागधारकांच्या अंगावर आली आणि त्याचा मोबदला रिसॉर्टने त्यांना द्यायला हवा. म्हणून दर पैसा कुठून आला यावरून ठरत नाही, तो कुठे गुंतला यावरून ठरतो. हेच 20 कोटी भागधारकांना परत दिले तर ते बाजारात हॉटेलांचे शेअर घेऊ शकतात. तेवढीच जोखीम घेऊन तिथे जे मिळण्याची अपेक्षा आहे, तो तुमच्या रिसॉर्टचा खालचा उंबरठा. होमस्टेवाल्या दादांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तरही यातच आहे: स्वतःचा पैसा फुकट नसतो.

आता काकांचे 5 टक्के. दिशा बरोबर आहे, पण त्यांनी दोन वेगळ्या जोखमी एकत्र केल्यात. तुमचे 11.9 ज्या सूत्राने आले ते सीएपीएम फक्त एकाच प्रकारच्या जोखमीचा मोबदला देतं, आणि बीटा तीच मोजतो: अख्खा बाजार पडतो तेव्हा तुमचा धंदा त्याच्यासोबत किती पडतो. लोकांच्या खिशात पैसा नसला की खोल्या रिकाम्या राहतात, ही ती जोखीम. खानसामा सोडून गेला, परवानगी अडली, वादळात छप्पर उडालं, यांचा निफ्टीशी संबंध नाही. ज्याच्याकडे पन्नास कंपन्यांचे शेअर आहेत त्याला तारकर्लीचं वादळ जाणवतही नाही. नुकसान खरं आहे, पण त्याची जागा रोकडीच्या अंदाजात आहे, दरात नाही.

म्हणून बीटा हॉटेलांचा घ्यायचा, तुमचा 0.7 बाजूला ठेवायचा. नोंदलेल्या हॉटेल कंपन्या आहेतच: इंडियन हॉटेल्स, ईआयएच, लेमन ट्री, शॅले. फक्त त्यांचा बीटा जसाच्या तसा उचलू नका, कारण त्यात त्यांच्या कर्जाचाही परिणाम मिसळलेला असतो. तो आधी काढून टाकायचा आणि मग तुमच्या प्रकल्पाचं कर्ज घालायचं.

खालचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी गोल घेतलेत, खऱ्या कंपन्यांचे नाहीत. समजा तीन हॉटेल कंपन्या आहेत. पहिलीचा बीटा 1.30, कर्ज इक्विटीच्या बाजारभावाच्या 0.10 पट. दुसरी 1.45 आणि 0.40. तिसरी 1.60 आणि 0.60. हिशोब असा:

```
कर्जाशिवाय बीटा = 1.45/(1+(1-0.25)*0.40) = 1.12
```

हा दुसरीचा. पहिलीचा येतो 1.21, तिसरीचा 1.10. वरवर बघता 1.30 आणि 1.60 मध्ये केवढी तफावत होती, कर्ज काढल्यावर तिघी जवळजवळ एका रांगेत आल्या. कर्ज वगळल्यावर आकडे असे जवळ आले तर निवडलेल्या कंपन्या खरंच एकाच धंद्यातल्या आहेत असं समजायला हरकत नाही. न आले तर एखादी भलतीच घुसलीय का ते बघायचं.

मधला 1.12 घेऊ. तुम्ही प्रकल्पाला 40 टक्के कर्ज धरताय असं मानतो, म्हणजे कर्ज इक्विटीच्या 0.67 पट:

```
प्रकल्पाचा बीटा = 1.12*(1+(1-0.25)*0.67) = 1.68
कॉस्ट ऑफ इक्विटी = 7 + 1.68*7 = 18.8
```

कर्ज साडेदहा टक्क्यांनी धरलं तर एकूण भांडवली खर्च 14.4 टक्के. अहवालातला 13 टक्के आयआरआर कंपनीच्या 10.6 पुढे दिमाखात उभा राहतो, पण स्वतःच्या उंबरठ्यापाशी अडतो.

---

बँकवाले_काका

पण मग माझे 17 आणि तुमचे 18.8 जवळच आले की. एवढा खटाटोप कशाला?

---

चिपळूण_चर्चगेट

काका, या वेळी जवळ आले हा योगायोग आहे. उद्या याच कंपनीने देवगडला शीतगृह काढायचं म्हटलं, तर परवानगी आणि वीजपुरवठ्याची कटकट तिथेही आहेच, म्हणून तुम्ही पुन्हा 5 मिळवाल. पण शीतगृहाचा बीटा पल्पच्या धंद्याहून फारसा वेगळा असायचं कारण नाही. चांगला प्रकल्प हकनाक नाकारला जाईल.

आणि वादळाची जोखीम दरात घातली की काय होतं ते बघा. समजा रिसॉर्ट वर्षाला 2.6 कोटी रोकड देतं आणि दहा वर्षांत एकदा मोठं वादळ येऊन दुरुस्ती आणि रद्द झालेली बुकिंग मिळून 1.2 कोटींचा फटका बसतो. सरासरीने वर्षाला 12 लाख. म्हणजे दरवर्षीच्या रोकडीतून साडेचार टक्के वजा करायचे, विषय संपला. त्याऐवजी दर 14.4 चा 19.4 केलात, तर पंधराव्या वर्षी येणाऱ्या रुपयाची आजची किंमत 13 पैशांवरून 7 पैशांवर येते. साडेचार टक्क्यांच्या नुकसानासाठी तुम्ही त्या वर्षाची निम्मी किंमत कापलीत. पहिल्या वर्षाला मात्र जेमतेम चार टक्के कापले गेले. वादळ काही पंधराव्या वर्षी पहिल्या वर्षाच्या दहापट जोरात येत नाही.

---

जमाखर्च_रत्नागिरी

हे पैशांचं उदाहरण मी मंडळापुढे जसंच्या तसं मांडणार आहे. मी लगेच अहवाल उघडला. त्यात वादळाचं नाव नाही, आणि मे महिना दरवर्षी 90 टक्के भरलेला धरलाय. तौक्ते आलं होतं 2021 च्या मे मध्येच, नेमकं हंगामात. तेव्हा कोविडचे निर्बंध होते म्हणून पर्यटक नव्हतेच, पण दुरुस्तीचा खर्च कुणाला चुकला नाही. म्हणजे 13 टक्के हाच आकडा फुगलेला आहे. आधी तो खाली आणते.

---

देवगड_निर्देशांक

मी शेअर बाजारात विश्लेषक आहे. आकड्यांच्या मुळाशी एक अडचण आहे, ती कुणी बोललं नाही. तुमच्या स्वतःच्या कंपनीचा 0.7 हाच किती विश्वासाचा? एसएमई प्लॅटफॉर्मवर कित्येक शेअरचे दिवसेंदिवस सौदे होत नाहीत. बाजार पडतो त्या दिवशी तुमचा भाव कालचाच दिसतो आणि चार दिवसांनी एखादा सौदा झाला की मग हलतो. रोजच्या भावांवर बीटा काढलात तर तो विनाकारण खाली येतो. धंदा सुरक्षित आहे म्हणून नव्हे, सौदे झाले नाहीत म्हणून. ओळखायची खूण सोपी आहे: रोजचा, आठवड्याचा आणि महिन्याचा बीटा वेगवेगळा काढा. कालावधी वाढवला की आकडा चढत गेला, तर दोष विरळ सौद्यांचा. साधं सूत्र:

```
=SLOPE(B2:B61,C2:C61)
```

B मध्ये शेअरचा 60 महिन्यांचा मासिक परतावा, C मध्ये निर्देशांकाचा. सोबत STEYX आणि RSQ पण बघा, म्हणजे आकडा किती विखुरलेल्या नोंदींवर उभा आहे ते कळेल. एका कंपनीच्या बीटामागची अनिश्चितता सहज 0.3 असू शकते, म्हणून एकाच हॉटेलवर विसंबू नये. चार-पाच घेतल्या की चुका एकमेकींना थोड्या खोडतात.

आणि या 60 महिन्यांची खिडकी कुठून सुरू करता ते मंडळाला सांगा. मार्च 2020 मध्ये निफ्टी एका महिन्यात सुमारे 23 टक्के पडला आणि हॉटेलं बंदच झाली. तो महिना आत आहे की बाहेर, यावर हॉटेलांचा बीटा बराच हलतो. तो वगळणं मला पटत नाही, कारण आपण मोजतोय तीच गोष्ट त्या महिन्यात उघडी पडली. पण साठातल्या एका महिन्याने सगळं उत्तर ठरवावं हेही बरोबर वाटत नाही. मी दोन्ही आकडे देतो आणि निर्णय घेणाऱ्यावर सोडतो.

---

कणकवली_सीए_अभ्यास

मी अजून शिकतोय, चुकत असेन तर सांगा. मोठ्या हॉटेल कंपन्या मुंबई, बंगळुरू, दिल्लीच्या. त्यांचे गिऱ्हाईक कंपनीच्या कामाला आलेले लोक. कोकणात मे मध्ये चाकरमानी येतातच, मंदी असो वा नसो. मग आपला बीटा त्यांच्यापेक्षा कमी नाही का? उलट पावसाळ्यात जून ते ऑगस्ट जलक्रीडा बंद, खोल्या ओस, म्हणून जोखीम जास्त असंही वाटतं. दोन्हीत काय धरायचं?

---

चिपळूण_चर्चगेट

प्रश्न चांगला आहे. चाकरमानी येतो खरा, पण तो आपल्या घरी उतरतो. 7 हजार रुपये भाड्याची खोली घेणारा माणूस पुण्या-मुंबईचा, आयटीतला नाहीतर व्यापारी, आणि त्याचा बोनस बाजारासोबतच खालीवर होतो. तेव्हा बीटा कमी धरायला हा आधार पुरत नाही.

पावसाळ्याचं म्हणशील तर तो दरवर्षी येतो, त्यात आश्चर्य काही नाही. तो रोकडीच्या अंदाजात मांडायचा. पण त्याचा एक परिणाम बीटापर्यंत पोचतो. ओस महिन्यांतही पगार, देखभाल, वीज चालूच असते आणि वर्षाची सगळी कमाई आठ महिन्यांत गोळा करायची असते. स्थिर खर्च जितका जास्त, तितकी विक्रीतली थोडी घट नफ्याला जास्त झोंबते. शहरातल्या हॉटेलाच्या तुलनेत हे प्रमाण तुमच्याकडे वाईट असेल तर बीटा 1.12 च्या वर झुकतो. किती वर, याचं नेमकं सूत्र मी कुणाला देणार नाही. मी स्वतः अशा वेळी निवडलेल्या कंपन्यांच्या वरच्या टोकाकडचा आकडा घेतो आणि तसं लिहून ठेवतो.

कंपन्या निवडतानाही याच नजरेने बघा. काही कंपन्या दुसऱ्यांची हॉटेलं नुसती चालवून त्याचं शुल्क घेतात. तिथे इमारतीचा भार नाही, मंदीत शुल्क घटतं पण हप्ते मानगुटीवर नसतात. तुम्ही स्वतः बांधताय, म्हणून स्वतःच्या मालमत्तेवर चालणाऱ्या कंपन्यांना जास्त वजन द्या.

---

भोगवे_होमस्टे

माझ्या प्रश्नाचा अर्धाच उत्तर गावला. माझ्याकडे पन्नास कंपन्यांचे शेअर नाय. जा काय आसा ता ह्या चार खोल्यांत आणि नारळीच्या बागेत. वादळ इला तर माझा सगळाच जाता. माका तुमचा 'वादळाचा दरात घालू नको' कसा लागू होतला?

---

चिपळूण_चर्चगेट

दादा, इथे सीएपीएमची मर्यादा आहे आणि तुम्ही नेमकं तिच्यावरच बोट ठेवलंत. ज्याची गुंतवणूक पसरलेली आहे त्याच्यासाठी ते सूत्र आहे. तुमचं सगळं एकाच जागी असेल, तर वादळाची जोखीम तुमच्यासाठी खरीच आहे आणि तुम्ही यापेक्षा जास्त परतावा मागायला हवा. त्यासाठी एकूण जोखमीवर बीटा वाढवून घ्यायची एक पद्धत आहे. तिने येणारे आकडे भलतेच मोठे असतात, तरी खाजगी धंद्याच्या खरेदी-विक्रीत लोक ती वापरतात. साडेदहा मात्र धरू नका, तो बँकेचा दर. बँकेला तारण आहे आणि तिचा हक्क आधी लागतो. तुम्ही सगळ्यात शेवटी, त्यामुळे तुमचा दर त्याच्या वरच असणार.

---

देवगड_निर्देशांक

हाच प्रश्न मूळ धाग्यालाही लागू पडतो ना? 70 टक्के शेअर मालकांच्या घरात आहेत आणि त्यांची इतर मालमत्ताही बहुधा रत्नागिरीतच. मग 18.8 टक्के हा 30 टक्के बाहेरच्या भागधारकांचा दर झाला. घरच्यांचा दर त्याहून जास्त निघेल.

---

चिपळूण_चर्चगेट

मला हे मान्य नाही. नोंदलेली कंपनी आहे, संचालकांनी निर्णय सगळ्या भागधारकांच्या वतीने घ्यायचा आणि बाजारभाव पसरलेली गुंतवणूक असलेलेच ठरवतात. मालकांना आपली संपत्ती एका जागी नको असेल तर त्यांनी थोडे शेअर विकावेत.

---

देवगड_निर्देशांक

ज्या शेअरचे सौदेच होत नाहीत तो विकायचा कुणाला? माझं मत कायम.

---

बँकवाले_काका

मला एक वेगळं विचारायचंय. कर्ज 40 ऐवजी 60 टक्के केलं तर? कर्ज साडेदहाला मिळतंय, इक्विटी 18.8 ला. स्वस्त पैसा जास्त वापरला की एकूण दर 13 च्या खाली येईल आणि प्रकल्प पास होईल.

---

चिपळूण_चर्चगेट

काका, 60 टक्के कर्ज म्हणजे इक्विटीच्या दीडपट. त्याच सूत्राने बीटा 2.38 होतो आणि इक्विटी जवळजवळ 23.7 टक्के. त्यातला 40 टक्के वाटा साडेनऊ आणि कर्जाचे पावणेपाच, मिळून 14.2. उलट कर्ज अजिबात न घेता हाच दर 14.8 होता. म्हणजे शून्यापासून 60 टक्क्यांपर्यंत कर्ज नेऊन जेमतेम 0.6 टक्क्याचा फरक पडला, तोही व्याजावरच्या करसवलतीमुळे. तोसुद्धा व्याज साडेदहालाच राहील असं धरून. 60 टक्के कर्जावर एकट्या रिसॉर्टला हा दर कुठली बँक देईल हे तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

---

बँकवाले_काका

एकट्या रिसॉर्टला नाही देणार. आम्ही हमी मागितली असती, कारखान्याची.

---

जमाखर्च_रत्नागिरी

वादळाचे 12 लाख आणि मे महिन्याची 75 टक्के भरती धरून आयआरआर पुन्हा काढला. 13 वरून 11.6 वर आला. आता दर 14 धरा नाहीतर 15, उत्तर तेच. मालकांशी काल बोलले. ते म्हणाले, मग जागा विकत घेण्याऐवजी 30 वर्षांच्या भाडेकरारावर घेऊ, सुरुवातीचा खर्च 6 कोटींनी उतरेल आणि कर्ज काढावंच लागणार नाही. माझा प्रश्न, अशा वेळी बीटा कर्जाशिवायचाच, म्हणजे 1.12 धरायचा का?

---

चिपळूण_चर्चगेट

नाही. ठरलेलं भाडं गिऱ्हाईक असो नसो द्यावंच लागतं, म्हणजे ते कर्जासारखंच वागतं. भाड्याची आजची किंमत काढून ती कर्जात धरा. फक्त भाडं विक्रीच्या टक्केवारीत ठरत असेल तर गोष्ट वेगळी, कारण मग मंदीचा काही वाटा जमीनमालकही उचलतो. मालकांना तशी बोलणी करता आली तर जरूर करावीत.

आणि हाच निकष तुलनेच्या हॉटेलांनाही लावा. एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 प्रमाणे भाडेकरारांची देणी ताळेबंदात दिसतात, पण माहिती देणाऱ्या बऱ्याच संकेतस्थळांवर कर्जाच्या आकड्यात ती कधी असतात, कधी नसतात. वरच्या उदाहरणात पहिली कंपनी 1.21 ला वेगळी पडली होती ना? समजा तिची भाड्याची देणी राहून गेली होती आणि खरं प्रमाण 0.10 नसून 0.25 आहे. मग तिचा कर्जाशिवायचा बीटा 1.09 होतो आणि तिघी 1.09 ते 1.12 मध्ये येतात. मधला 1.10, त्यावरून 40 टक्के कर्जाला इक्विटी 18.6 आणि एकूण 14.3. तुमच्या 11.6 पुढे यानेही निर्णय बदलत नाही. भाडेकरार घेतलात तर मात्र रोकडीचा अंदाजही नव्याने मांडावा लागेल, जुना आयआरआर चालणार नाही. भाड्याचा मसुदा हातात आला की इथे टाका, रक्कम झाकून टाकलीत तरी चालेल, फक्त दरवर्षीची वाढ किती टक्के लिहिलीय ते दिसू द्या.